आयव्हीएफच्या सायकलसाठी रजा: तारीख नक्की नसताना आणि कारण न सांगता अर्ज कसा करावा

आयव्हीएफची सायकल सुरू करताना रजेचा प्रश्न एका ठिकाणी हमखास अडतो. ऑफिसला तारीख हवी असते आणि ती अजून डॉक्टरांनाही सांगता येत नसते. अंडी काढण्याचा दिवस सोनोग्राफीत फॉलिकलची, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या पिशवीची, वाढ बघून साधारण दोन दिवस आधी ठरतो. मग कोणी अंदाजाने तारीख टाकतं आणि ती चुकली की ऐनवेळी बदल मागावा लागतो. कोणी बदलाचं कारण पटावं म्हणून साहेबांना नको तेवढं सांगून बसतं. दोन्ही टाळता येतं. पहिला अर्ज एका तारखेचा न करता कालावधीचा करायचा, आणि उपचार पुढे सरकेल तसा तो कालावधी लहान करत नेमक्या दिवसावर आणायचा.

इथे ताज्या सायकलचा हिशेब दिला आहे: पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं, मग अंडी काढणं आणि पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडणं. गोठवलेलं भ्रूण सोडायचं असेल तर गणित बरंच सोपं असतं, त्याबद्दल शेवटी.

आधी स्वतःपुरतं गणित मांडा

अर्ज लिहायच्या आधी क्लिनिकमध्ये काही गोष्टी विचारून घ्या. इंजेक्शनं पाळीच्या कितव्या दिवशी सुरू होतील आणि साधारण किती दिवस चालतील? स्कॅनसाठी सकाळी किती वाजता बोलावतात आणि त्यात एकूण किती वेळ जातो? रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी अंडी काढतात का? सायकलची सुरुवात गोळ्या देऊन काही दिवस मागेपुढे करता येते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर ऑफिसमधला वर्षअखेरीचा किंवा ऑडिटचा आठवडा टाळणं तुमच्या हातात येतं. म्हणून हा प्रश्न मागच्या पाळीच्या वेळीच विचारायला हवा. पाळी आल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता एक उदाहरण घेऊन तारखा काढू. पाळी ६ तारखेला अपेक्षित आहे आणि ती तीन दिवस इकडेतिकडे होऊ शकते, म्हणजे ३ ते ९. इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू, म्हणजे ४ ते १०. पहिल्या इंजेक्शनच्या दिवसाला पहिला दिवस धरलं, तर अंडी पक्व करणारं शेवटचं, म्हणजे ट्रिगरचं, इंजेक्शन साधारण नवव्या ते तेराव्या दिवशी रात्री पडतं आणि अंडी त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून सकाळी काढतात. हे जोडलं की अंडी काढण्याची शक्यता १४ ते २४ या अकरा दिवसांत कुठेही येते. त्यात पाच मिळवले की भ्रूण सोडण्याचा दिवस १९ ते २९ मध्ये.

अकरा दिवसांचा पल्ला बघून दडपण येतं, पण तो फार काळ तेवढा राहत नाही. समजा पाळी ५ तारखेला आली आणि ६ ला इंजेक्शन सुरू झालं. त्याच दिवशी पल्ला १६ ते २० असा पाच दिवसांवर येतो. ११, १३ आणि १५ ला स्कॅन झाले. १५ च्या स्कॅनमध्ये दोन-तीन फॉलिकल १७-१८ मिलिमीटरचे झालेले दिसले आणि डॉक्टरांनी रात्री साडेनऊला ट्रिगर घ्यायला सांगितलं. मग १७ ला सकाळी नऊच्या सुमाराला अंडी काढणार, हे पक्कं. २२ ला भ्रूण सोडणं.

तुमच्या प्रोटोकॉलचे आकडे वेगळे असतील, ते क्लिनिककडून घ्या. मांडणी मात्र हीच राहते.

किती रजा मागायची

सरसकट दोन आठवडे मागू नका. एकतर एवढ्या सुट्टीसाठी कारण विचारलंच जातं. शिवाय एका सायकलमध्ये काम झालं नाही तर पुढच्या वेळी शिल्लक काहीच उरत नाही.

खरी गरज अशी असते. स्कॅनच्या चार ते सहा सकाळी ऑफिसला दोन-तीन तास उशिरा पोहोचावं लागतं. अंडी काढण्याचा दिवस पूर्ण लागतो, कारण भूल दिलेली असते. त्या दिवशी गाडी चालवायची नसते आणि महत्त्वाच्या कागदावर सहीही करू नये. दुसरा दिवस विश्रांतीचा धरा. पोट दुखतं, फुगल्यासारखं वाटतं. भ्रूण सोडण्यासाठी एक दिवस. त्यानंतर दिवसचे दिवस अंथरुणात पडून राहिल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल आणि काम बैठं असेल, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. म्हणजे पूर्ण रजा तीन दिवसांची. आणखी दोन दिवस राखीव ठेवा. ते मागायचे नाहीत, फक्त शिल्लक राहतील एवढं बघायचं.

काम उभ्याचं किंवा वजन उचलण्याचं असेल तर हिशेब बदलतो. इंजेक्शनांमुळे अंडाशय मोठे झालेले असतात आणि जोराच्या हालचालीने ते पिळले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी रजा वाढवण्याऐवजी काही दिवस हलकं काम मिळावं, असं डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं बरं.

नियम न बोलता वाचा

कंपनीचं रजेचं धोरण एचआरला न विचारता आधी स्वतः वाचा, कारण पहिला प्रश्न विचारला की पहिली चौकशीही सुरू होते. त्यात तीन गोष्टी शोधा. प्रमाणपत्र किती दिवसांच्या आजारी रजेनंतर लागतं? रजा तासांत किंवा अर्ध्या दिवसात घेता येते का? मंजूर रजेची तारीख बदलायला पुन्हा वरची मंजुरी लागते, की साहेबांचा ईमेल पुरतो?

बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवसांच्या रजेला प्रमाणपत्र लागत नाही. तसं असेल तर अंडी काढण्याचे दोन दिवस आणि पुढच्या आठवड्यातला एक दिवस असे वेगळे अर्ज केले की कागदाचा प्रश्नच येत नाही. अर्जित रजा पुरेशी शिल्लक असेल तर तीही चालते. तिला बऱ्याच ठिकाणी कारण द्यावं लागत नाही, पण ती सहसा बरीच आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि तारीख हलवणं अवघड जातं. म्हणून स्कॅनसाठी तासांची सवलत, अंडी काढण्यासाठी वैद्यकीय रजा आणि भ्रूण सोडण्याच्या दिवसासाठी किरकोळ रजा, ही विभागणी बहुतेक ठिकाणी बसते.

काही कंपन्यांत वंध्यत्व उपचारासाठी वेगळी रजा असते. माल्टा आणि दक्षिण कोरियासारख्या देशांत तर ती कायद्यातच आहे. अशी रजा पदरात पडत असेल तर तिचा फायदा मोठा आहे, पण त्या रजेचं नावच सगळं सांगून टाकतं. ती घेण्याआधी रजेचा प्रकार कोणाकोणाला दिसतो हे बघा. काही पोर्टलवर साहेबांना प्रकार दिसतो, टीमला फक्त 'रजेवर' एवढंच दिसतं. काही ठिकाणी सगळंच सगळ्यांना दिसतं.

तीन संदेश, प्रत्येकाची वेळ ठरलेली

पहिला संदेश पाळी अपेक्षित असण्याच्या दोन आठवडे आधी. या वेळी पोर्टलवर काही भरू नका, कारण भरलेली आणि रद्द केलेली प्रत्येक नोंद मागे राहते. साहेबांना किंवा मॅडमना आधी पाच मिनिटं प्रत्यक्ष भेटा आणि नंतर ईमेल पाठवा:

"मॅडम, पुढच्या महिन्यात माझी एक नियोजित वैद्यकीय प्रक्रिया आहे. तिची नेमकी तारीख तपासण्यांवर ठरते, त्यामुळे आत्ता कालावधी सांगते: १४ ते २४. या काळात मला सलग दोन दिवस रजा लागेल आणि त्यानंतरच्या आठवड्याभरात आणखी एक दिवस. त्याआधी काही सकाळी तपासणीला जावं लागेल. त्या दिवशी मी ११ पर्यंत पोहोचेन आणि राहिलेले तास पुढच्या दोन आठवड्यांत भरून काढेन. तारीख ठरली की त्याच दिवशी कळवेन. ती साधारण दोन दिवस आधी कळेल. माझ्या कामांपैकी कोणतं कोणाकडे राहील याचा तक्ता सोबत जोडला आहे. प्रक्रियेचा तपशील खासगी ठेवू इच्छिते. अशा पद्धतीने रजा घ्यायला आपली संमती ईमेलवर कळवावी, ही विनंती."

यातले काही शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. 'नियोजित वैद्यकीय प्रक्रिया' हे खरं आहे आणि पुरेसं आहे. 'पाच दिवसांनी एक दिवस' असं न लिहिता 'त्यानंतरच्या आठवड्याभरात' लिहिलं आहे, कारण या उपचारातून गेलेल्या कोणालाही दोन दिवस आणि मग बरोबर पाच दिवसांनी एक, हा क्रम ओळखू येतो. राहिलेले तास 'रोज संध्याकाळी' भरून काढेन असं कबूल केलेलं नाही, कारण इंजेक्शनं बहुतेक वेळा संध्याकाळीच असतात. ट्रिगरची वेळ तर घड्याळ लावून पाळावी लागते. साडेनऊचा ट्रिगर मीटिंग लांबली म्हणून अकराला घेतला, तर अंडी काढण्याची सकाळची वेळ पुन्हा जुळवावी लागू शकते. आणि ईमेलवरची संमती महत्त्वाची अशासाठी, की तारीख हलेल तेव्हा तुम्ही नवी सवलत मागत नसता, ठरलेलंच कळवत असता.

कामाचा तक्ता प्रामाणिकपणे करा. ज्या कामाला तुमचीच हजेरी लागते, जसं सादरीकरण, ग्राहकाची भेट किंवा पगाराची अंतिम सही, ते १४ ते २४ मध्ये ठेवूच नका. बाकी कामांपुढे एकेक नाव आणि फाइल कुठे आहे ते लिहा. साहेबांची खरी काळजी काम अडण्याची असते आणि तक्ता समोर आला की कारणाची चौकशी बरीच कमी होते.

दुसरा संदेश पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी, दोन ओळींचा: "मॅडम, आधी कळवलेला कालावधी आता १६ ते २० असा झाला आहे. नेमका दिवस १५ च्या आसपास कळवते." आता पोर्टलवर मधले दोन दिवस, म्हणजे १८ आणि १९, भरा आणि शेऱ्यात 'तारीख एक-दोन दिवस बदलू शकते, ईमेलनुसार' असं लिहा. पाचही दिवस अडवून ठेवू नका. मंजूर झालेली रजा परत शिलकीत आणणं काही पोर्टलवर फार किचकट असतं.

तिसरा संदेश ट्रिगर ठरल्याच्या दुपारी: "मॅडम, १७ आणि १८ ला रजेवर आहे. १९ ला हजर असेन. पोर्टलवर बदल केला आहे." बस्स. मधल्या प्रत्येक स्कॅननंतर कळवू नका. सारखे बदल ऐकून ऐकणारा कंटाळतो आणि बोलण्याच्या ओघात नको ते तोंडून जातं.

साहेब "नक्की तारीख द्या, असं अधांतरी चालत नाही" म्हणाले, तर उत्तर कामाच्या भाषेत द्या: "सर, तारीख डॉक्टर तपासणीनंतर ठरवतात, ती माझ्या हातात नाही. पण १६ च्या आधी आणि २० च्या नंतर ती जाणार नाही, आणि पाचही दिवसांसाठी कामाची सोय केलेली आहे." आणि "काय झालंय? ऑपरेशन आहे का?" याला: "काळजीचं कारण नाही, सर. छोटी प्रक्रिया आहे, त्याच दिवशी घरी येईन. त्याबद्दल फार बोलायला नको वाटतं." हेच वाक्य सगळ्यांना, प्रत्येक वेळी. एकाला पोटाचं, दुसऱ्याला दातांचं असं सांगितलं की दोघं जेवणाच्या टेबलावर भेटतातच. खोटा आजार सांगण्यात आणखी एक धोका आहे. गुंतागुंत होऊन रजा वाढवावी लागली, तर खरं प्रमाणपत्र आणि आधीचं बोलणं जुळत नाही.

माहिती फुटते ती बहुतेक वेळा कागदातून

प्रमाणपत्रात निदान लिहिलेलं नसलं, तरी वर क्लिनिकचं नाव मोठ्या अक्षरात असतं, बाजूला बाळाचं चित्र असतं आणि खाली शिक्क्यात पदवी असते. म्हणून मागतानाच सांगा की नोकरीच्या ठिकाणी द्यायचं आहे, साध्या लेटरहेडवर हवं. मोठ्या रुग्णालयाचा विभाग असेल तर रुग्णालयाचं सर्वसाधारण लेटरहेड मिळतं. नाहीतर तुमचा उपचार माहीत असलेल्या फॅमिली डॉक्टरांना कागदपत्रं दाखवून त्यांच्याकडून प्रमाणपत्र मिळेल का, ते विचारा. मजकूर एवढा पुरतो: "यांच्यावर दि. १७ रोजी भूल देऊन नियोजित वैद्यकीय प्रक्रिया करण्यात आली. दि. १७ व १८ रोजी विश्रांतीची आवश्यकता होती. दि. १९ पासून त्या कामावर हजर राहू शकतात."

हा कागद पोर्टलवर जोडण्याआधी तो साहेबांना उघडता येतो का ते तपासा. येत असेल तर एचआरमध्ये एकाच व्यक्तीकडे थेट द्या, आणि तो कुठे ठेवला जाईल आणि कोण बघू शकेल हे ईमेलवर विचारून घ्या. कंपनीच्या विम्यातून काही खर्च मागणार असाल तर बिलावरची औषधांची नावं बघूनच उपचार कळतो. दावा थेट विमा कंपनीच्या पोर्टलवर करता येत असेल तर एचआरमधून पाठवू नका.

बाकी गोष्टी किरकोळ वाटतात, पण गुपित तिथेच फुटतं. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'व्यस्त, खासगी' एवढंच लिहा. क्लिनिकचा नंबर फोनमध्ये साध्या आडनावाने साठवा, म्हणजे टेबलावर फोन वाजला तरी पडद्यावर क्लिनिकचं नाव दिसणार नाही. रिपोर्ट ऑफिसच्या ईमेलवर मागवू नका, तिथल्या प्रिंटरवर काढू नका आणि ऑफिसच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडं ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवायची इंजेक्शनं ऑफिसच्या फ्रीजमध्ये जाऊ नयेत. दुपारी इंजेक्शन घ्यावंच लागत असेल तर छोटी थंड पिशवी जवळ ठेवा आणि किती तापमान चालतं ते त्या औषधाच्या खोक्यावर वाचा.

नवऱ्यालाही अंडी काढण्याच्या दिवशी रजा लागते: वीर्याचा नमुना द्यायचा असतो आणि भूल दिलेल्या माणसाला घरी न्यायचं असतं. त्याने 'घरच्यांची वैद्यकीय प्रक्रिया' म्हणून त्याच पद्धतीने कालावधी सांगून ठेवावा. दोघं एकाच ऑफिसात असाल तर त्याने किरकोळ रजा घेतलेली बरी, म्हणजे दोन अर्जांवर एकच कारण दिसत नाही. तो फिरतीवर असण्याची शक्यता असेल तर नमुना आधीच गोठवून ठेवा.

गणित चुकतं तेव्हा

पाळीच्या सुरुवातीच्या स्कॅनमध्ये सिस्ट दिसली किंवा फॉलिकल नीट वाढले नाहीत, तर सायकल थांबवतात. तेव्हा एकच ओळ पुरते: "मॅडम, प्रक्रिया पुढे गेली आहे, या महिन्यातली रजा रद्द करते. नवा कालावधी कळला की सांगते." कारण देऊ नका. हा दिवस जड जातो, म्हणून ही ओळ आधीच लिहून ठेवलेली बरी.

कधी अंडी काढल्यावर सगळी भ्रूणं गोठवायचं ठरतं, उदाहरणार्थ प्रोजेस्टेरॉन लवकर वाढलं किंवा अंडाशय फार उत्तेजित झाले तर. मग २२ ची रजा लागत नाही. ती लगेच परत करा, पुढच्या महिन्यांत लागणार आहे. आणि भ्रूण पाचव्याऐवजी तिसऱ्या दिवशी सोडायचं ठरलं तर २० लाच जावं लागतं. पहिल्या ईमेलमध्ये 'त्यानंतरच्या आठवड्याभरात' लिहिलेलं इथेही कामी येतं.

अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा त्रास अंडी काढल्यानंतर काही दिवसांत सुरू होतो. गर्भ राहिला तर तो पुढेही वाढू शकतो. पोट फुगत जाणं, दिवसाला किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, उलट्या किंवा धाप लागणं यांपैकी काही दिसलं तर ऑफिसचा विचार न करता आधी क्लिनिकला फोन करा. रजा नंतर कळवता येते, राखीव दोन दिवस यासाठीच होते. आठवडाभर लागला तर प्रमाणपत्रात 'प्रक्रियेनंतरची गुंतागुंत' एवढंच येऊ द्या. ते आधी सांगितलेल्याशी जुळतं.

भ्रूण सोडल्यावर साधारण ९ ते १४ दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी चाचणी असते. रक्त सकाळी देतात आणि निकाल बऱ्याचदा दुपारी फोनवर येतो. त्या दुपारी मीटिंग ठेवू नका. जमलं तर अर्धा दिवस रजा घ्या, निकाल काहीही असो.

गोठवलेलं भ्रूण पुढच्या एखाद्या महिन्यात सोडायचं असेल आणि गोळ्या देऊन गर्भाशयाचं अस्तर तयार करणार असतील, तर डॉक्टरांना दिवस काही प्रमाणात पुढे नेता येतो. साधारण दोन आठवडे गोळ्या, अस्तर तयार झाल्याचा एक-दोन स्कॅन, मग प्रोजेस्टेरॉन सुरू करून पाच दिवसांनी भ्रूण. प्रोजेस्टेरॉन सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना सोयीचा वार सांगा. एकदा ते सुरू झालं की दिवस हलत नाही. या वेळी एक-दोन सकाळींची सवलत आणि एक दिवस रजा, एवढाच अर्ज पुरतो. नैसर्गिक सायकलमध्ये मात्र बीज सुटण्याच्या वेळेवर सगळं अवलंबून असतं, म्हणून तिथे पुन्हा कालावधीचाच अर्ज करायचा.